दुबार झालेले बुकिंग रद्द करून जादा तिकिटाचे पैसे परत मिळण्याबाबत

रमाकांत शांताराम गावडे
मु. पो. उभादांडा, ता. वेंगुर्ले,
जि. सिंधुदुर्ग – ४१६ ५१६
दि. ३ ऑगस्ट २०२५, दुपारी २.३० (ई-मेलद्वारे)

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व रिफंड विभाग

विषय : दि. २४ ऑगस्ट २०२५, मुंबई ते मोपा, सकाळी ६.५० चे विमान. PNR K7RM2Q रद्द करून ७,८४२ रुपये परत मिळण्याबाबत. (PNR T4XB9L कायम ठेवावा.)

महोदय,

माझी थोरली बहीण श्रीमती सुलोचना मनोहर परब (वय ७२, राहणार डोंबिवली) हिच्या नावावर आपल्या वरील विमानात एकाच दिवसाची दोन तिकिटे निघाली आहेत. त्यांतले K7RM2Q हे तिकीट मी काल, २ ऑगस्टला संध्याकाळी ७.१२ वाजता आपल्या संकेतस्थळावरून काढले. T4XB9L हे तिकीट माझ्या भाच्याने त्याच रात्री पावणेनऊच्या सुमारास ठाण्याहून, तेही आपल्याच संकेतस्थळावरून काढले. गणपतीला येण्याचे बहिणीने आम्हा दोघांनाही सांगितले होते आणि दोघांनीही एकमेकांना न विचारता तिचे काम करून टाकले. आज सकाळी तिकीट पाठवायला मी फोन केला तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, आईचा तिकीट मी कालच काढलंय!" तेव्हा कुठे हा घोळ कळला.

आधी सर्वांत महत्त्वाचे. कृपया K7RM2Q रद्द करा आणि T4XB9L ला हात लावू नका. वेळेच्या हिशेबाने माझे बुकिंग आधीचे आणि भाच्याचे नंतरचे आहे, त्यामुळे नंतरचे तेच जादा असे आपल्या कर्मचाऱ्यांना वाटू शकेल. तसे करू नये. बहिणीच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे. भाच्याच्या बुकिंगमध्ये व्हीलचेअरची नोंद आहे, पुढच्या बाजूची वाटेकडेची ३C ही सीट जादा पैसे भरून घेतलेली आहे, आणि नावही आधार कार्डावर आहे तसे पूर्ण, मधल्या नावासकट लिहिलेले आहे. माझ्या बुकिंगमध्ये यातले काहीच नाही, नावही नुसते 'सुलोचना परब' एवढेच आहे. एकाच प्रवाशाची दोन बुकिंग दिसली म्हणून आपल्या यंत्रणेतून दोन्ही रद्द होऊ नयेत, याचीही काळजी घ्यावी. या दिवसांत एकदा गेलेली जागा पुन्हा मिळायची नाही. कोकण रेल्वेची गणपतीची आरक्षणे सुटल्या सुटल्या संपतात, आणि मिळाले असते तरी तिच्या गुडघ्यांना रात्रभराचा गाडीचा प्रवास झेपणारा नाही. म्हणूनच तर विमानाचा खर्च केला.

आता पैशांबद्दल. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीएच्या) तिकीट परताव्याविषयीच्या नियमांनुसार, म्हणजे सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट २ नुसार, बुकिंग केल्यापासून २४ तासांच्या आत प्रवाशाला कोणतेही जादा शुल्क न देता तिकीट रद्द करता येते. अट एवढीच, की तिकीट विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेले असेल तर प्रवासाला सात दिवसांहून कमी अवधी राहिलेला नसावा. माझे तिकीट आपल्याच संकेतस्थळावरचे आहे, प्रवासाला तीन आठवडे आहेत, आणि हे पत्र २४ तास पुरे होण्याच्या आत आपल्याकडे पोचत आहे. त्यामुळे भरलेली पूर्ण रक्कम, म्हणजे ७,८४२ रुपये, मला परत मिळायला हवी.

असे असताना आज सकाळी संकेतस्थळावर 'Cancel Booking' उघडले तर ३,९९९ रुपये रद्द शुल्क आणि ३,८४३ रुपये परतावा असे आकडे दिसले. २४ तासांच्या सवलतीचा तिथे उल्लेखही नव्हता. शेवटचे बटण मी मुद्दाम दाबले नाही, कारण ते दाबले की ही कपात मला मान्य आहे असा अर्थ निघाला असता. त्याच पानाचा फोटो सोबत जोडला आहे, त्यावर वेळही दिसते. नंतर साडेदहा वाजता हेल्पलाइनला फोन केला. बोलणाऱ्या ताईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, पण शुल्क माफ करण्याचा अधिकार आपल्याला नाही, ई-मेल करा, असे सांगितले. मी रद्द करण्याची मागणी आजच, मुदतीत केली होती, याची नोंद आपल्या कॉल रेकॉर्डिंगमध्ये असणारच. आपल्याकडून उत्तर यायला दोन-चार दिवस लागले, तर तो उशीर माझ्या खात्यावर धरू नये. मागणीची वेळ आजचीच धरावी.

परतावा ज्या क्रेडिट कार्डावरून पैसे भरले (शेवटचे चार आकडे ४४१७) त्याच कार्डावर जमा करावा. क्रेडिट शेल किंवा पुढच्या प्रवासाचे व्हाउचर मला नको. आम्ही वर्षातून क्वचित विमानात बसणारी माणसे, ते वापराविना मुदत संपून जाईल. क्रेडिट शेल घ्यायचे की नाही हे प्रवाशाने ठरवायचे असते, हेही याच नियमांत आहे. कार्डाने भरलेल्या तिकिटाचा परतावा रद्द केल्यापासून सात दिवसांत करायचा असतो, तो तसा व्हावा.

आपल्या बाजूने पाहिले तरी यात कंपनीचे नुकसान नाही. एक माणूस दोन सीटवर बसू शकत नाही. हे तिकीट तसेच राहिले तर गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधीच्या विमानात एक जागा रिकामी येईल, आणि तिकडे मुंबईत गावाला यायला धडपडणारा एखादा चाकरमानी तिकीट नाही म्हणून मागे राहील. ती जागा आजच मोकळी केलीत तर आपल्याला ती सहज विकता येईल.

एक सूचनाही करतो. भाच्याने तिकीट काढताना त्याच विमानात जवळजवळ त्याच नावाचे, त्याच वयाचे आणि त्याच मोबाइल क्रमांकाचे (दोन्हीकडे बहिणीचाच क्रमांक दिला होता) बुकिंग आधीच होते. पैसे घेण्यापूर्वी पडद्यावर एक ओळीची सूचना आली असती तर तो तिथेच थांबला असता. सणासुदीला घरातली चार माणसे चार ठिकाणांहून म्हाताऱ्या माणसांची तिकिटे शोधत असतात. हा प्रकार आमच्याच घरी झाला असेल असे मला वाटत नाही.

K7RM2Q रद्द झाल्याचे, परताव्याच्या रकमेचे आणि T4XB9L कायम असल्याचे, असे तिन्ही लेखी उत्तर याच ई-मेलवर द्यावे. पूर्ण परतावा नाकारायचा असेल तर कोणत्या नियमाच्या आधारे, ते स्पष्ट लिहावे. तसे उत्तर आल्यास मला नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) तक्रार करावी लागेल. तशी वेळ येऊ नये अशी मनापासून इच्छा आहे. बहीण दरवर्षी माटवी सजवायला माहेरी येते, यंदा ऑपरेशननंतरची तिची पहिलीच खेप आहे आणि ती आपल्याच विमानाने यायची आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
रमाकांत शांताराम गावडे

सोबत : दोन्ही ई-तिकिटे, कार्डाच्या व्यवहाराचा बँकेचा संदेश, शुल्क दाखवणाऱ्या पानाचा फोटो, बहिणीचे संमतीपत्र.