आज्जीची वही आणि दीड हजाराचा निवद

आमच्या घरात पगार झाला की पैसे आज्जीच्या हातात द्यायचे, हा नियम माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. बाबा उद्यमबागमधून येऊन १४ हजार देतात, काका ९ हजार, आई शिवणाचे अडीच हजार, मी टिळकवाडीतल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते त्यातले ४ हजार, आणि गृहलक्ष्मीचे २ हजार आज्जीच्या खात्यावरच येतात कारण रेशनकार्डावर घरची मुख्य तीच. म्हणजे झाले साडेएकतीस हजार. जुलैच्या २२ तारखेला गॅस संपला, सिलिंडरवाला दारात उभा, आणि आज्जीच्या डब्यात ३१० रुपये.

सिलिंडर परत गेला. काकू चुलीसाठी परसात लाकडं शोधायला लागली (परसात कुठली लाकडं, एक मोडका माग पडलाय तेवढाच) आणि काकाला चेव आला.

तसं पहिल्यांदा सगळे म्हणाले की जत्रेत गेले असतील. मंगाईची जत्रा म्हणजे आमच्या वडगावात काय असतं ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको, मंगळवारी सकाळपासून पाहुणे जे सुरू होतात ते रात्री अकराला शेवटची पंगत, आणि त्यात कोण कुणाचा पाहुणा तेपण कळत नाही, गेल्या वर्षी एकजण जेवून गेला तो शेजारच्यांचा निघाला. पण आज्जी म्हणाली, "जत्रेचं जत्रेत लिहिलोय. त्यात काय घालू नका." (आमच्याकडं बायका पण केलो, लिहिलोच म्हणतात, पुण्याच्या मैत्रिणी हसतात, हसू देत.)

मग काका बोलला ते बोलायला नको होतं. म्हणाला, "आई, निपाणीला पाठवलीस की नाही खरं सांग." आत्या निपाणीला असते आणि तिचं जरा ओढगस्तीचं आहे हे सगळ्यांना माहीत.

आज्जी काहीच बोलली नाही. उठली, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवरनं वही काढली, आणि माझ्या मांडीवर टाकली. "तू शिकलीस न्हवं. वाच की मोठ्यानं."

वही म्हणजे दोनशे पानी, वरचं पुठ्ठं गेलेलं, त्याला जुन्या कॅलेंडरचा कागद शिवलेला. दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. आज्जी मराठी शाळेत चौथीपर्यंत, त्यामुळं अक्षर मोठं आणि ओळ चढत चढत वर जाते, पण आकडे बघा, आकडे एका खाली एक अशे की मी ऑफिसात एक्सेलमध्ये पण एवढे सरळ ठेवत नाही. नावं पूर्ण लिहीत नाही ती. थो म्हणजे थोरला, बाबा. धा म्हणजे धाकटा, काका. सू १ आणि सू २ म्हणजे आई आणि काकू. पो म्हणजे पोरगी, मी.

वाचलं. दूध ३०००, किराणा ६२००, भाजी २४००, भिशी ३०००, काकाच्या पोराची फी ३५००, जत्रा ५८००. तेवीस हजार नऊशे झाले. लाईटचं शून्य, बिलच शून्य येतं आता. काका म्हणाला, "बघ, उरलेले सात हजार कुठं गेले?"

मग पुढचं पान. त्याच्यावर "हातखर्च" असं लिहून खाली नुसती अक्षरं.

धा २०० पेट्रोल. धा २०० पेट्रोल. धा २०० पेट्रोल. मी वाचत गेले तशी काकू त्याच्याकडं बघायला लागली, कारण आठ वेळा पेट्रोल झालं आणि गाडी तर घरापासून फॅक्टरीपर्यंतच जाते. वर चप्पल ३५०. एकूण धा १९५०. थो ११००, त्यात बाबांनी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आणलेला, ते चुळबुळ करत उठून पाणी प्यायला गेले. सू १ ६००, दोरे आणि फॉल. काकाच्या पोराचे ५००.

आणि मग पो. मला वाटलं माझं काय, मी तर कमवते, बस पण फुकट. रिचार्ज ३४९. खडेबाजार ड्रेस ६५०. मैत्रीण आहेर ५०१. पाणीपुरी १४०. सोळाशे चाळीस. हे मी मोठ्यानं वाचलं आणि मध्येच माझा आवाज बारीक झाला, ते सगळ्यांना कळलं. खरं सांगायचं तर ते पाणीपुरीचे १४० मला अजून टोचतात, ड्रेसचे नाही. चार हजार द्यायचे आणि थोडे थोडे करून सोळाशे परत न्यायचे, आणि वर घरखर्च देते म्हणून ऑफिसात सांगायचं.

बेरीज केली, ५७९०. अजून १५०० राहत होते. खाली शेवटची ओळ, "नि १५००."

"बघा!" काका एकदम. "नि म्हणजे निपाणी. मी म्हणत न्हवतो?"

आज्जी डाळ निवडत होती ती निवडतच राहिली.

मी पान उलटलं. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं: "निंगाप्पा पानपट्टी. धा ची उधारी. पोचली." आणि त्याच्या खाली निळ्या शाईत गोल गोल कन्नड सही, निंगाप्पाची, आज्जीनं पैसे देताना पावती म्हणून घेतलेली. तारीख जत्रेच्या दुसऱ्या दिवसाची. आणि काकानं जत्रेच्या दिवशीच मंगाईसमोर, काकूचा हात धरून, तंबाखू-मावा सोडल्याची शपथ घेतलेली, आम्ही सगळे तिथंच होतो. म्हणजे निंगाप्पा दारात आला असणार, आणि काकूच्या कानावर जायच्या आत आज्जीनं त्याला मागच्या दारानं मिटवून पाठवलं असणार. काका परवाच म्हणत होता, निंगाप्पा मोठ्या मनाचा माणूस, हल्ली उधारीचं नावच काढत नाही.

"काय ग, काय लिहिलंय मागं?" काकू वाकून बघायला लागली.

मी वही मिटली. आज्जीनं पहिल्यांदाच सुपातनं डोळे वर केले, माझ्याकडं बघितली.

"निवद," मी म्हटलं. "नि म्हणजे निवद. मंगाईचा."

"दीड हजाराचा निवद?"

"नवसाचा होता," आज्जी म्हणाली. "धाकट्यासाठी बोललो होतो. निंगाप्पाच्या दुकानाशेजारनं नारळ आणलो."

काकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी लाल, मग कसातरीच. दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "देवाधर्माचं आहे, त्याचा हिशेब विचारू नये." आणि गाडीची किल्ली घेऊन उठला, दारापर्यंत गेला, आज्जीनं मागनं विचारलं, "पेट्रोल आहे न्हवं गा?" तसा किल्ली खुंटीला अडकवून चालतच बाहेर गेला.

सिलिंडरचे पैसे मी दिले, तेपण वहीत लागले, पो जमा.

परवा एक तारखेला पगार देताना मी मुद्दाम वही उघडून बघितली. ऑगस्टच्या पानावर जमेच्या बाजूला, बाबांच्या आणि माझ्या खाली, त्याच चढत्या ओळीत लिहिलेलं होतं: "धा ९०००. धा निवद परत ५००. बाकी १०००."