तुपाची वाटी

(पाळण्याची चाल, संथ. कडवं झालं की बाळाचं नाव घालून ‘जो बाळा जो’ म्हणावं. चौथ्या कडव्यातली हाक मात्र मोठ्यानं मारायची, पोरं त्याचीच वाट बघतात.)

कृष्णामाईच्या घाटाला । होड्या लागल्या काठाला
सांगलीच्या गणपतीची । झाली आरती रातीची
जो बाळा जो जो रे जो

ऐक गोष्ट पंढरीची । नामदेवाच्या घरची
तव्यावरची भाकर । पापुद्रा तिचा टम्म वर
जो बाळा जो जो रे जो

तूप आणाया नामा वळे । तेवढ्यात कुत्रं आत पळे
भाकर धरली दातांत । निघालं थेट अंगणात
जो बाळा जो जो रे जो

काठी नाही, दगड नाही । नामा हातात वाटी घेई
“थांब विठोबा, थांब ना रे! । कोरडी कशी खातोस रे?”
जो बाळा जो जो रे जो

चार पायांचा पांडुरंग । शेपूट हलवी, खाण्यात दंग
तूप लागलं मिशीला । हसू आलं नामदेवाला
जो बाळा जो जो रे जो

मोत्या आपल्या दारी रे । दगड त्याला ना मारी रे
उद्या चतकोर तू दे त्याला । तूप मी लावते भाकरीला
जो बाळा जो जो रे जो