प्रभावी म्हणजे जास्त? मणी काढून बघू

D म्हणजे प्रभावी जनुक, एक असलं तरी त्याचा गुण दिसतो; d अप्रभावी, दोन्ही d असले तरच दिसतो. वहीत चौकट आखा. वर आईचे D आणि d, डावीकडे बाबांचे D आणि d. घरं भरली की DD, Dd, Dd, dd. तीनास एक. इथपर्यंत सगळ्यांना येतं, आणि घोटाळाही इथूनच सुरू होतो: "म्हणजे प्रभावी गुण तिप्पट लोकांत असणार ना, सर?"

नाही. हे तीनास एक फक्त Dd आईबाबांच्या मुलांचं. गावाचं नव्हे.

आता पिशवी घ्या. २ लाल मणी (D), १८ पांढरे (d). डोळे मिटून एक काढा, नोंद करा, परत टाका, हलवा, दुसरा काढा. हे झालं एक मूल. प्रत्येक गटाने २५ मुलं करायची. मणी परत टाकायला विसरू नका. मागच्या वर्षी एका गटाचे लाल मणी पहिल्या पाच मिनिटांतच संपले होते!

चार गटांची १०० मुलं मिळून एकही लाल नसलेली साधारण ८१ येतील (०.९ × ०.९). लाल दिसणारी जेमतेम १९. लाल प्रभावीच आहे, पण पिशवीत मुळात कमी.

हाताला सहावं बोट असणं अनेक घराण्यांत प्रभावी असतं. वर्गात किती जणांना आहे? उलट O रक्तगट अप्रभावी, तरी हात वर करा म्हटलं तर बरेच होतील.

आखूड बोटांच्या प्रभावी गुणावरून हीच शंका निघाली होती. गणिती हार्डी यांनी १९०८ मध्ये ती साध्या गुणाकाराने सोडवली.

गृहपाठ: १० लाल, १० पांढरे. आता किती?