कंबर आणि उजवा पाय: डॉक्टरांना वाचून दाखवण्याचे निवेदन

नमस्कार डॉक्टर. बोलताना काही राहून जाऊ नये म्हणून मी सगळे लिहून आणले आहे. परवानगी असेल तर तेच वाचते. माझे वय 47 आहे, मी पतसंस्थेत रोखपाल आहे आणि दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत बसून काम करते. दुखणे आता पूर्वीपेक्षा कमी आहे, पण उजव्या पायातली ताकद कमी झाल्यासारखी वाटते, आणि मुख्यतः त्यासाठीच मी आले आहे.

सुरुवात गणपतीच्या आधीच्या रविवारी झाली. माळ्यावरून मखराची पेटी उतरवताना मी वाकून एका कुशीला वळले आणि कमरेत खालच्या बाजूला, मधोमध, एकदम उसण भरली. त्या दिवशी सरळ उभे राहता येत नव्हते. चार दिवस शेकून आणि पडून राहून ते बरेच ओसरले, म्हणून मी कोणाला दाखवले नाही. गौरी विसर्जनाच्या सुमारास मात्र कंबर मोकळी होत असतानाच उजव्या कुल्ल्यातून कळ निघू लागली आणि ती मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने, पावलाच्या वरच्या भागावरून थेट अंगठ्यापर्यंत जाऊ लागली. डाव्या पायाला आजवर काहीही झालेले नाही. नवरात्रात त्याच वाटेवर मुंग्या येऊ लागल्या आणि अंगठ्याजवळची त्वचा बधिर झाली. तिथे पाणी ओतले तरी ते गरम आहे की गार, हे नीट समजत नाही. दसऱ्यापासून चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते आणि मला कळतही नाही. घरी टाचांवर चालून पाहिले, तर डावा पंजा उचलला जातो, उजवा मात्र पुरता उचलला जात नाही.

तीव्रतेबद्दल सांगायचे तर, दहापैकी आकडा द्यायचा झाल्यास पहिल्या दिवशी कमरेचे दुखणे आठ होते आणि आज दोन आहे. पायातली कळ गौरींनंतरच्या आठवड्यात नऊपर्यंत गेली होती, रात्री झोपमोड होत असे. आता ती चारच्या आसपास असते. बधिरपणा आणि पंजाची कमजोरी मात्र सुरू झाल्यापासून वाढतच आहे, त्यामुळे केवळ दुखण्याच्या आकड्यावरून मी बरी होत आहे असे धरू नये, अशी माझी विनंती आहे.

अर्धा तास बसले, वाकून बादली उचलली, खोकला किंवा शिंक आली की कळ वीज चमकल्यासारखी खाली उतरते. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घेतले आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवली की दहा-पंधरा मिनिटांत सर्वांत चांगला आराम पडतो. बसण्यापेक्षा सावकाश चालणे सुसह्य वाटते. शेकल्याने कमरेला बरे वाटते, पायाला फरक पडत नाही. पॅरासिटामॉलचा उपयोग झाला नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाच दिवस दिले होते. त्याने कळ निम्म्यावर आली, पण पोटात जळजळ होऊ लागल्याने मी ते पुढे घेतले नाही. एका ओळखीच्या बाईंनी कंबर चोळून घेण्याचा सल्ला दिला होता, तो मी मानला नाही.

मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ घेते आणि जूनमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर 7.2 टक्के होती. मुंग्या साखरेमुळे असतील असे घरचे म्हणतात. त्याचा निर्णय आपणच करावा, मात्र त्या एकाच पायाला आणि एकाच पट्ट्यात येतात हे नमूद करते. रक्तदाबाचा त्रास नाही, कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही. ताप आलेला नाही, वजन घटलेले नाही, पूर्वी कर्करोग किंवा क्षयरोग झालेला नाही. लघवी आणि शौचावर ताबा पूर्ण आहे, लघवी अडत नाही, आणि बसण्याच्या जागेची किंवा जांघेची संवेदनाही नेहमीसारखीच आहे.

माझे तीन प्रश्न आहेत. पंजाची ताकद आज तपासून ती किती कमी आहे हे सांगाल का? कमरेचा एमआरआय आताच करावा की थोडे थांबता येईल, आणि थांबायचे असेल तर कोणते लक्षण दिसताच मी वाट न पाहता रुग्णालय गाठावे? तसेच, बसण्याच्या कामावरून काही दिवस रजा घ्यावी का? तसे असल्यास कार्यालयासाठी प्रमाणपत्र लागेल. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटे या पिशवीत आहेत.