काकीसाठी: नवीन राउटरचा कागद

गुहागर, रविवार, १८ मे २०२५

काकी, हा कागद माजघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. बाहेर लावू नकोस, यावर पासवर्ड आहेत.

घरचं वायफाय

नाव: `Wadi_Ghar`
पासवर्ड: `Supari-Naral-4127`

S आणि N तेवढी मोठी, बाकी सगळी अक्षरं लहान. मधल्या आडव्या रेघाही टाकायच्या. तुझा फोन, टॅब आणि ओटीवरचा टीव्ही मी जोडून ठेवलेत, त्यामुळे तुला हा पासवर्ड रोज लागणार नाही.

यादीत `Wadi_Ghar_5G` असंही एक नाव दिसेल. पासवर्ड तोच. मोबाईलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. याचा वेग जास्त, पण ते चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे नीट पोचत नाही. टीव्हीला तेच लावलंय. तुझ्या फोनला साधं `Wadi_Ghar` आहे, ते स्वयंपाकघरात आणि मागच्या पडवीतही येतं. न्हाणीघराशी तुटतं, तिथे इलाज नाही.

पाहुण्यांसाठी

नाव: `Ganpati_Pahune`
पासवर्ड: `modak-ukad-21`

२७ ऑगस्टला गणपती, मुंबईची मंडळी आली की पहिला प्रश्न हाच असेल. त्यांना एवढंच दे, घरचं देऊ नकोस. याची वेगळी चिठ्ठी ओटीवर कॅलेंडरमागे आहे.

राउटरची आतली सेटिंग

`192.168.1.1`
युजर: `admin`
पासवर्ड: `Padvi#Chire68`

हे तुझ्या कामाचं नाही. केबलवाला दादा घरी आला आणि त्याने समोर बसून मागितलं तरच दाखव. फोनवरून कोणालाही सांगायचं नाही.

नेट गेलं तर

आधी बॉक्सवरचे दिवे बघ. `PWR` आणि `PON` हिरवे स्थिर हवेत, `LOS` विझलेला हवा.

एकही दिवा नाही: लाइट आहे का बघ, मग मागचं बटण आणि प्लग.

सगळे दिवे ठीक, तरी नेट नाही: भिंतीवरचं बटण बंद कर, चहाचं आधण ठेव, दोनेक मिनिटांनी परत चालू कर. दिवे स्थिर व्हायला आणखी तीन-चार मिनिटं लागतात, तोवर परत बंद करू नकोस.

`LOS` लाल: वायर बाहेर कुठेतरी तुटली. वाडीतून येते ना ती, झावळ पडली की तुटते. बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ केबलवाल्याला फोन. आतल्या पिवळ्या वायरीत काच आहे, ती दुमडायची नाही, झाडताना ओढायची नाही आणि निघाली तर तिच्या टोकात डोकवायचं नाही.

मागे सुईएवढं भोक आहे, त्याखाली `RESET` लिहिलंय. त्याला हात नको. ते दाबलं की मी केलेलं सगळं पुसलं जातं. वर पट्टी लावलीय.

विजा

गडगडाट लांबून ऐकू आला की राउटरचा प्लग बोर्डातून उपटून ठेव. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वीज डोक्यावर आली असेल तर मात्र हात लावू नकोस, बॉक्स गेला तर गेला. पिवळी वायर तशीच राहू दे, तिच्यातून करंट येत नाही.

फोन कोणाला

नेट नसताना व्हॉट्सॲप कॉल लागणार नाही, साधा फोन लाव. रेंज खळ्यात तुळशीपाशी चांगली येते. तुझ्या फोनवर आकडा दाबून धरायचा:

२ धरलास की केबलवाला दादा. ग्राहक क्रमांक सांग: GHR-20713. लाल दिवा आहे का, तेही सांग.
३ म्हणजे मी. कधीही, रात्री दहालासुद्धा.
४ वर शेजारचा बंड्या. प्लग, बटण, दिवे त्याला दाखवून ठेवलेत.

नंबर डायरीच्या पहिल्या पानावरही आहेत. लाइटच गेली असेल तर १९१२.

दर महिन्याच्या १ तारखेला ५९९ रुपये मी इकडून भरतो. "बिल थकलंय, नेट बंद होईल, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून दे आणि मला कळव. चुकून काही सांगितलं गेलंच, तर लगेच १९३० ला फोन, मग मला.

आणि काकी, गेल्या ऑक्टोबरात त्या विजांच्या रात्री जुना बॉक्स जळला, तेव्हा तू चार दिवस कोणाला बोलली नाहीस. आपल्या हातून बिघडलं असं तुला वाटलं. ताई तिकडे रोज व्हिडिओ कॉल लावत होती आणि काळजीत होती. तुझ्या हातून काही बिघडलं नव्हतं. आता बंद पडलं तर त्याच दिवशी फोन कर.

जुना बॉक्स माळ्यावर निळ्या पिशवीत आहे, तो परत लावायचा नाही.

तुझा,
अमोल