तानपुऱ्यांचा करार संपल्याबाबत नोटीस

(स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह)

दिनांक : १६ फेब्रुवारी २०२६

प्रति,
श्रीमती शैलजा निंबाळकर,
गायनवर्ग, शनिवार पेठ, सातारा

यांस,
इरफान दस्तगीर मुल्ला, रा. सतारमेकर गल्ली, मिरज, जि. सांगली, यांजकडून.

विषय : वडिलांच्या निधनामुळे दि. १४ ऑगस्ट २०२५ चा तानपुऱ्यांचा करार आणि जवारीचा वार्षिक करार संपल्याबाबत.

शैलजाताई, सप्रेम नमस्कार.

माझे वडील दस्तगीर बाबालाल मुल्ला यांचे ९ जानेवारी २०२६ रोजी मिरजेत निधन झाले. आपण चाळिसाव्याच्या आधीच घरी येऊन अम्मीला भेटलात, हे आम्ही विसरणार नाही. पण त्या दिवशी आणि नंतर फोनवर आपण जे म्हणालात, त्याचे उत्तर लेखी द्यायला हवे, म्हणून ही नोटीस.

वडिलांनी आपल्याला दोन जनानी तानपुरे, प्रत्येकी ₹ ३८,००० प्रमाणे, गुढीपाडव्यापूर्वी करून द्यायचे कबूल केले होते. पावतीवर त्यांच्या अक्षरात "जवारीसह स्वतः करून देईन" असे लिहिले आहे. हे शब्द आपणच आग्रहाने लिहून घेतल्याचे आपण सांगितलेत. त्यामुळे काम दुकानातल्या दुसऱ्या कारागिराकडून पुरे करून द्यावे, ही आपली मागणी आम्हाला मान्य करता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३७ प्रमाणे माणूस गेल्यावर त्याने दिलेले वचन साधारणपणे वारसांवर येते. मात्र करारातून वेगळा हेतू दिसत असेल तर येत नाही. त्याच कलमाखाली चित्रकाराचे उदाहरण दिले आहे : चित्र काढून द्यायचे कबूल करून तो मुदतीआधी वारला, तर त्याच्या वारसांना वा गिऱ्हाइकाला तो करार अमलात आणता येत नाही. आपला तानपुरा त्याच जातीचा आहे.

मिरजेत हात पुष्कळ आहेत, हे आपले म्हणणे खरे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ते गावाच्या कामाला आहे, आणि आपली पावती एका माणसाच्या हाताची आहे. मी स्वतः कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे. भोपळ्याला दांडी जोडताना लहानपणी लाख तापवून दिली, त्यापुढे माझा हात गेला नाही. घोडीचा माथा घासून, तारेखाली सूत सरकवत जवारी काढताना वडील दार लावून घेत आणि आम्हाला बोलू देत नसत.

एका तानपुऱ्याची दांडी जोडून तबली बसवलेली आहे. दुसऱ्याचा फक्त भोपळा निवडलेला आहे. त्यावर पेन्सिलीने "सातारा, काळी ४" असे लिहिले आहे. हे दोन्ही नग आमच्याकडे राहतील. त्यांचा मोबदला आम्ही मागत नाही. अर्धे काम "दस्तगीर यांचे" म्हणून कोणाला विकणारही नाही.

आता हिशेब. वहीप्रमाणे आपण १६ ऑगस्टला चेकने ₹ २५,००० आणि ५ ऑक्टोबरला रोख ₹ १५,००० दिले. वर्गातल्या चार जुन्या तानपुऱ्यांच्या जवारीसाठी जून आणि डिसेंबर अशा दोन फेऱ्यांचे ₹ ६,००० आगाऊ दिले होते. जूनची फेरी झाली. डिसेंबरची वडील आजारी पडल्याने राहिली. तिचे ₹ ३,००० परत देणे आहे. म्हणजे एकूण ₹ ४३,०००. त्या रकमेचा चेक सोबत जोडला आहे. रोख रक्कम ₹ १८,००० होती असे आपण फोनवर म्हणालात. वहीत तसे नाही, पण शेवटचे महिने वडील वही सांभाळतच होते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. आपल्याकडे चिठ्ठी किंवा मेसेज असेल तर दाखवा, वरचे ₹ ३,००० लगेच देऊ.

दोन्ही करार ९ जानेवारी २०२६ पासून संपले आहेत. इथून पुढे जवारीसाठी आमच्याकडून कोणी येणार नाही. वडिलांच्या नावाने कोणी काम वा पैसे मागितले तर देऊ नयेत.

आपला भोपळा चिरलेला जुना तानपुरा दुरुस्तीसाठी इथेच आहे. चीर सांधली आहे, पॉलिश बाकी आहे. त्याचे पैसे नकोत. पावती आणि ओळखपत्र घेऊन ३१ मार्च २०२६ पर्यंत तो न्यावा. रविवारी सकाळी मी दुकानात असतो. येणे जमत नसेल तर ज्याला पाठवाल त्याच्याजवळ आपल्या सहीची चिठ्ठी द्या. मुदतीनंतर दुकान रिकामे करायचे आहे, तेव्हा तानपुरा घरी हलवू; पण गल्लीतली ओल त्याला सोसणार नाही, म्हणून उशीर करू नये.

ही नोटीस मी अम्मी आणि बहीण यांच्या संमतीने देत आहे. चेक मिळाल्याची पोच दुसऱ्या प्रतीवर सही करून पाठवावी.

आपला,
इरफान दस्तगीर मुल्ला
(स्वतःसाठी व इतर वारसांच्या वतीने)

सोबत : मृत्यू दाखल्याची प्रत, पावतीची प्रत, वहीच्या दोन पानांच्या प्रती, अम्मी व बहिणीचे संमतीपत्र, ₹ ४३,००० चा चेक.