सोमवारपासून नवीन ठिकाणी, थोडं जुन्या मंडळींसाठी

नमस्कार मंडळी, बातमी अशी की येत्या सोमवारपासून मी एका सॉफ्टवेअर कंपनीत सीनियर बॅकएंड डेव्हलपर म्हणून जॉईन होतेय, नाव प्रोफाइलवर अपडेट होईलच. ऑफिस पुण्यात आहे पण काम बरंचसं नाशिकमधूनच, महिन्यातून दोनदा जावं लागेल. बाबांचा पहिला प्रश्न होता, पर्मनंट आहे ना? आहे बाबा.

खरं तर पोस्ट टाकायची की नाही यातच चार दिवस गेले, कारण अशा पोस्ट वाचताना मीच तोंड वाकडं करते. पण अंबडच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातल्या लोकांना एकेकाला फोन करून सांगायला गेले असते तर रडले असते, म्हणून इथेच लिहिते.

झालं असं की शेवटच्या राउंडला विचारलं, तुमच्या हातून झालेली एखादी मोठी चूक सांगा. मी 2019 च्या फेब्रुवारीतली ती लेबलची रात्र सांगितली. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आत्ताच हसू आलं असेल.

बाकीच्यांसाठी, दिंडोरी साइडच्या एका पॅकहाउसला आपलं सॉफ्टवेअर होतं, एक्सपोर्टच्या द्राक्षांच्या बॉक्सवर बारकोड आणि पॅकिंग डेट आपण प्रिंट करायचो. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे, आणि मी तारीख डायरेक्ट तिथूनच उचललेली. दिवसा टेस्ट करताना सगळं ओके, कारण दिवसा तारीख सारखीच असते. पण रात्री बारा वाजून गेले की पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख कालचीच असते, आणि सीझनला पॅकिंग रात्रभर चालतं हे मला ऑफिसात बसून कुठून सुचणार! पहाटे चारला सुपरवायझर काकांचा फोन, मॅडम कागदावर 12 तारीख आहे न बॉक्सवर 11, गाडी सकाळी निघायचीय. आठशेच्या वर बॉक्स होते.

कोडमधली दुरुस्ती एका ओळीची, `Asia/Kolkata`, दहा मिनिटांत झाली. पण छापलेली लेबलं काही कोडने बदलत नाहीत ना. टेस्टिंगच्या ताईंना मी फक्त विचारायला फोन केला होता, त्या अहोंना उठवून, थर्मासमध्ये चहा घेऊन, गाडी काढून माझ्या घराखाली हजर. तिथे पोचलो तर पॅलेटच्या पट्ट्या कापायला सुरुवात झालेली, आणि पॅकिंगवाल्या बायकांनी आम्हाला शिकवलं की जुनं लेबल सोलत बसायचं नाही, बॉक्स गार असला की ते अर्धवट फाटतं, नवीन सरळ त्याच्यावर दाबून बसवायचं. माझी वाकडीच बसत होती, शेवटी मला रोल धरायचं काम दिलं 😄 साडेआठला गाडी निघाली. आपले सर दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, आता रात्रीचं पण टेस्ट करत जा. आवाज न चढवता. कस्टमरला त्यांनी "आमची चूक" म्हणून सांगितलं, माझं नाव घेतलं नाही, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

तर हे सगळं सांगून झाल्यावर इंटरव्ह्यूवाले म्हणाले, तुम्ही सारखं "आम्ही आम्ही" म्हणताय, यात "तुम्ही" काय केलंत? मी जरा गडबडले आणि म्हणाले, चूक मी केली, निस्तरली आम्ही. ते हसले. सिलेक्शन त्याच्यामुळे झालं का माहीत नाही, कोडिंग राउंड काही फार भारी गेला नव्हता.

2017 च्या जूनमध्ये आले तेव्हा मला एसक्यूएलचा जॉईनसुद्धा धड येत नव्हता, आणि पुढच्याच महिन्यात 1 जुलैला जीएसटी. त्या महिन्यात सपोर्टचे फोन घेऊन घेऊन घसा बसला होता, अकाउंट्सवाले काका डब्यातून लवंग आणून द्यायचे आणि इनव्हॉइस म्हणजे काय ते वहीवर काढून दाखवायचे. ती वही अजून माझ्याकडे आहे काका, परत मागू नका.

सर, ताई, काका, सपोर्टची सगळी पोरं, आणि सुपरवायझर काका (ते इथे नाहीत, कोणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवा), मनापासून थँक्यू. नवीन ठिकाणी मी परत नवशिकीच आहे, क्लाउडचं बरंच काही शिकायचंय, तेव्हा रात्रीअपरात्री फोन आला तर उचला.

हँडओव्हरची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवलीय, प्रिंटरचा पासवर्ड बदललाय तो सपोर्टला सांगितलाय. रविवारी सकाळी नऊला मिसळ माझ्याकडून, जागा तुम्ही ठरवा, पण भांडण व्हॉट्सॅप ग्रुपवर करा, इथे नको. आणि ताई, थर्मास घेऊन या.